युंगफ्राउचा दिवस मोकळा ठेवा

"ताई, नमस्कार. माझं वय 51, ह्यांचं 56. आम्ही सांगलीचे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण पासपोर्ट पहिल्यांदाच काढलाय. जूनमध्ये युरोपला जायचं मनात आहे. एका सहल कंपनीची दहा दिवसांची टूर बघितली. सहा देश, माणशी 2 लाख 85 हजार, वर कर वेगळे. ह्यांचं म्हणणं, पहिल्यांदाच जातोय तर ग्रुपबरोबर जाऊ, काही झालं तर बघणारं कुणीतरी असेल. मुलगी बंगळुरूला असते. ती म्हणते, 'आई, दोघंच जा, धावतपळत काय बघणार?' माझे गुडघे दुखतात. आम्ही शाकाहारी. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतो. खरं सांगू? मला सहा देश नकोच आहेत. बर्फाच्या डोंगरासमोर दोन तास नुसतं बसायचंय. पण हे पैसे सहा वर्षं साठवलेत, चुकलं तर परत जाणं व्हायचं नाही. काय करावं?"

ताई, माझं मत आधीच सांगते आणि मग त्यामागची कारणं. तुम्ही दोघांनी फक्त स्वित्झर्लंडला जावं आणि स्वतः आखून जावं. सात रात्री पुरतात, आणि मुक्काम दोनच गावांत करायचा. तुम्हाला पॅरिस, व्हेनिस, रोम सगळंच बघायचं असतं, तर मी डोळे झाकून ग्रुपनं जा म्हटलं असतं. माझ्या नणंदेला मी स्वतः तसंच पाठवलं आणि ती फार आनंदात परत आली. पण तिला जे हवं होतं ते तुम्हाला नको आहे.

सहल कंपनीचं माहितीपत्रक घ्या आणि पेन्सिल घेऊन यजमानांच्या शेजारी बसा. प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहा: त्या दिवशी बस किती किलोमीटर धावणार, खाली उतरून किती वेळ मिळणार आणि रात्री झोपायचं नेमकं कुठं. सहा देशांच्या टूरचा नेहमीचा मार्ग पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, ब्लॅक फॉरेस्टमधलं टिटिझे, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम असा असतो. ही सगळी बेरीज दोन हजार किलोमीटरच्या बरीच वर जाते. म्हणजे दहा दिवसांत सांगली-मुंबईच्या सहा खेपा झाल्या.

त्यातला एकच दिवस घड्याळ लावून बघू. कोलोन ते टिटिझे सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. सकाळी सहाला उठवणारा फोन येतो, सातला नाश्ता, आठला बस. युरोपीय संघाच्या नियमानं चालकाला सलग साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसभरात 9 तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदा फार तर 10 तास. म्हणून वाटेत जेवणाचा थांबा धरून टिटिझेला पोचेपर्यंत दुपारचे तीन-साडेतीन होतात. तिथं तळ्याकाठी तासभर मिळतो, त्यातला अर्धा कोकिळेच्या घड्याळांच्या दुकानात जातो. मग पुन्हा दोन-अडीच तास बस, भारतीय जेवण आणि हॉटेल. दिवस वाईट जात नाही. खिडकीतून फार सुंदर प्रदेश दिसतो, आणि शेजारच्या बाकावरच्या लोकांशी जन्माची ओळख होते. पण 'तळं पाहिलं' असं त्या दिवसापुढे लिहिलेलं असतं, ते एका तासाचं असतं.

शब्दही नीट वाचा. 'प्रवेशासह' लिहिलं असेल तरच तिकीट काढून आत नेतात. 'फोटो स्टॉप' म्हणजे उतरून दहा-पंधरा मिनिटं. 'ड्राइव्ह पास्ट' म्हणजे बस न थांबता समोरून जाणार. 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे बसमधून शहराचा फेरफटका. यात कुणी कुणाला फसवत नाही, सगळं छापलेलंच असतं. आपण मात्र ठिकाणांची नावं मोजतो आणि क्रियापदं वाचत नाही.

आता तुमच्या गुडघ्यांबद्दल. ग्रुप टूरमध्ये बस असते म्हणून चालणं कमी, असा सगळ्यांचा समज असतो. माझा अनुभव उलटा आहे. इटलीतल्या जुन्या शहरांत मोठ्या बसना गावाच्या मधोमध जाता येत नाही. व्हेनिसला बस ट्रॉन्केटोपाशी थांबते, तिथून बोट, आणि उतरल्यावर पायऱ्या-पायऱ्यांचे पूल. फ्लॉरेन्सला बस लांब सोडते आणि दगडी फरशीवरून चालत जायचं, तेही पंचवीस-तीस माणसांच्या पावलाशी पाऊल जुळवून. दुखऱ्या गुडघ्याला चालण्यापेक्षा हेच जास्त जड जातं, कारण मध्येच बसावंसं वाटलं तरी बसता येत नाही, पुढं गाइडचा झेंडा चाललेला असतो. शिवाय दहा दिवसांत सहा-सात वेळा हॉटेल बदलतं. प्रत्येक वेळी बॅग भरायची, खाली आणायची, सकाळी आठच्या आत बसपाशी उभं राहायचं. मी सांगते त्या आखणीत बॅग तीनदाच हलते: विमानतळावरून पहिल्या गावी, तिथून दुसऱ्या गावी आणि परत विमानतळावर.

पण माझं मत ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती वेगळीच आहे. ती म्हणजे ढग.

मी आणि माझे मिस्टर पहिल्यांदा युरोपला गेलो ते ग्रुपनंच. युंगफ्राउयोख या स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या खिंडीत रेल्वेनं जायचा दिवस सहाव्या क्रमांकावर होता. (आपल्याकडे जुंगफ्राऊ म्हणतात, तेच हे. उंची 3,454 मीटर.) मी सहा दिवस त्या दिवसाची वाट बघत होते. वर पोचलो आणि समोर पांढरं. बर्फाचं पांढरं नव्हे, ढगाचं. हात लांब केला तर बोटं अंधूक दिसत होती. दीड तास वर होतो, बर्फाच्या गुहेतून फिरलो, गरम चहा घेतला आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश लख्ख निळं होतं. बसच्या मागच्या काचेतून ती शिखरं दिसत होती आणि आम्ही इटलीकडे निघालो होतो. सहल व्यवस्थापक चांगला मुलगा होता, त्याला आमच्याइतकंच वाईट वाटलं. पण पुढच्या हॉटेलांचं आरक्षण झालेलं, चालकाचे तास ठरलेले, तीस जणांची तिकिटं आधी काढलेली. तो काय करणार? ग्रुपचा दिवस पुढेमागे सरकत नाही. स्वतः जाण्याचा खरा फायदा मला तिथं कळला: दिवस आपल्या हातात राहतो.

चार वर्षांनी आम्ही दोघंच गेलो. इंटरलाकेनला चार रात्री राहिलो. दोन सकाळी डोंगरावरच्या थेट कॅमेऱ्यात ढग दिसले, तेव्हा तळ्यातल्या बोटीत बसलो, गावात भटकलो. तिसऱ्या सकाळी आकाश मोकळं होतं. वर गेलो आणि आलेच नावाची हिमनदी दूरवर वळत गेलेली दिसली. म्हणून तुमची सगळी आखणी मी त्या एका मोकळ्या दिवसाभोवती करते आहे.

मुंबईहून झ्युरिकला थेट विमान आहे, साधारण नऊ तासांचं. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून तासाभरात लुझर्न, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. तिथं तीन रात्री राहा. पहिल्या दिवशी काही ठरवू नका, लाकडी कापेलब्र्यूके पुलावरून जाऊन तळ्याकाठी बसा. घड्याळ साडेतीन तास मागं गेलेलं असतं, अंग आठ वाजताच झोप मागतं. जूनमध्ये तिथं रात्री नवापर्यंत उजेड असतो, त्याला फसून पहिल्याच दिवशी दमू नका. दुसऱ्या दिवशी लुझर्नहून बोटीनं विट्झनाउ आणि तिथून दातेरी रुळावरून चढणाऱ्या रेल्वेनं रिगी डोंगराच्या माथ्यावर जा. ही रेल्वे 1871 पासून चालते, युरोपातली पहिली दातेरी रुळाची डोंगररेल्वे. उंची 1,798 मीटर, त्यामुळे दम लागत नाही, आणि गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत नेते. तिसऱ्या दिवशी हवा चांगली असेल आणि अंगात उत्साह असेल तर एंगेलबर्गहून टिटलिसच्या बर्फाळ डोंगरावर, नाहीतर गावातच विश्रांती.

चौथ्या दिवशी सकाळी उशिरा लुझर्नहून इंटरलाकेनची गाडी पकडा. दोन तासांच्या आत पोचता. ब्र्युनिग घाटातून आणि तळ्यांच्या काठानं जाणारा हा रस्ता स्वतःच एक सहल आहे. इंटरलाकेनमध्ये दोन स्टेशनं आहेत. हॉटेल `Interlaken Ost` या स्टेशनापासून चालत पाच-सात मिनिटांवर बघा, `Interlaken West` जवळ नको, कारण डोंगराकडच्या गाड्या Ost वरून सुटतात. इथं चार रात्री. म्हणजे पोचल्यानंतर पूर्ण तीन दिवस हातात राहतात. त्या तिघांतला एक युंगफ्राउचा, कुठला ते घरून ठरवायचं नाही आणि तिकीटही घरून काढायचं नाही.

तो दिवस असा ठरवायचा. आदल्या संध्याकाळी `MeteoSwiss` वर अंदाज बघा. सकाळी उठल्यावर `jungfrau.ch` वरचा थेट कॅमेरा बघा, बऱ्याच हॉटेलांत टीव्हीवरही तो दिसतो. खिडकीबाहेर बघून निर्णय घेऊ नका, ही चूक अनेकजण करतात. दरीत धुकं असतं आणि वर ऊन, किंवा उलटही. वरच्या कॅमेऱ्यात डोंगराची कड स्वच्छ कोरल्यासारखी दिसत असेल तर निघा. नुसतं एकसारखं पांढरं दिसत असेल तर त्या दिवशी बोट. निघायचं ते सकाळी सात-आठच्या गाडीनं, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढायला लागतात.

जाताना इंटरलाकेनहून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल, तिथून आयगर एक्सप्रेस नावाचा रोपवे, मग आयगर डोंगराच्या पोटातून जाणारी 1912 सालची रेल्वे. दीड तासात वर. एवढ्या कमी वेळात जवळजवळ तीन हजार मीटर चढल्यावर डोकं जड होतं, दम लागतो. पहिली पंधरा मिनिटं हळू चाला, पाणी प्या, पायऱ्या टाळून लिफ्ट घ्या. यजमानांना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारूनच जा. बर्फाच्या गुहेत जमीन निसरडी असते, गुडघ्याच्या माणसानं कठडा सोडू नये.

परत येताना मात्र रोपवेनं येऊ नका. रेल्वेनं क्लाइने शायडेकला उतरा. तुमचे दोन तास तिथं आहेत, ताई. उंची 2,061 मीटर, समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ तिन्ही शिखरं एका रांगेत, बसायला बाक, चहाला उपाहारगृह. मला विचाराल तर वरच्या युंगफ्राउयोखपेक्षा हीच जागा जास्त आवडते, कारण वर गेलं की डोंगर पायाखाली असतो आणि इथं तो समोर असतो. तिथून गाडीनं वेंगेन मार्गे लाउटरब्रुनेन आणि परत इंटरलाकेन. वरची हवा तिन्ही दिवस बिघडलेलीच राहिली तर युंगफ्राउयोखचे पैसे वाचवा आणि ढग जरा उघडतील तेव्हा फक्त शायडेकपर्यंत जाऊन या.

आता यजमानांच्या धास्तीकडे येते, कारण ती खरी आहे आणि नुसतं 'काही होत नाही' म्हणून ती जायची नाही. त्यांनी मोबाइलवर `SBB Mobile` हे स्विस रेल्वेचं ॲप आत्ताच घ्यावं. `Zürich Flughafen` ते `Luzern` असं टाकून बघावं. किती वाजता गाडी, कुठला फलाट, कुठं बदलायची, सगळं इंग्रजीत दिसतं. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं एक एक प्रवास त्यावर काढून बघायचा, आठवडाभरात त्यांना त्या देशाचं वेळापत्रक आपल्या एसटी स्टँडसारखं ओळखीचं वाटेल. बोलायची वेळ फार थोडी येते. अडलं तर मोबाइलवरचं गावाचं नाव दाखवायचं, तिथले लोक बोटानं फलाट दाखवतात.

चुकायची एक जागा मात्र मी सांगून ठेवते, कारण तिथं आम्ही चुकलो. इंटरलाकेनहून डोंगराकडे जाणारी गाडी एकच दिसते, पण वाटेत त्स्वायल्युट्शिनेन नावाच्या छोट्या स्टेशनवर तिचे दोन भाग होतात. एक ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. आम्ही रिकामा डबा बघून चढलो आणि दुसऱ्याच दरीत पोचलो. घाबरलो, पण झालं काय? पुढच्या गाडीनं परत येऊन दुसरी पकडली, तासभर गेला. डब्यावरची पाटी आणि फलाटावरचं अक्षर बघूनच चढायचं. तिथं गाड्या अर्ध्या तासानं येत असतात, त्यामुळे चुकीची किंमत फार मोठी नसते. या देशात पहिल्यांदा स्वतः जावं असं मी म्हणते, त्याचं मोठं कारण हेच आहे. इटलीबद्दल किंवा जपानबद्दल तुम्ही विचारलं असतं तर मी इतक्या सहज म्हटलं नसतं.

दुसरी धास्ती आजारपणाची. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पण सगळ्यात स्वस्त विमा घेऊ नका. आधीपासूनचा आजार, मधुमेह असो की रक्तदाब, अर्जात खरा लिहा आणि तो आजार अचानक बळावला तर खर्च मिळतो का, हे पॉलिसीत वाचून घ्या. विम्याचा मदत क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये आणि एका कागदावर ठेवा. तातडीच्या मदतीसाठी 112 सगळ्या युरोपात चालतो, स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी 144 आहे. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. आणि हे लक्षात घ्या की ग्रुपमध्येही कुणी आजारी पडलं तर इस्पितळात पोचवून, विमा कंपनीशी बोलणं करून देऊन व्यवस्थापकाला बाकीच्यांबरोबर पुढं जावं लागतं. सोबत असते, ती मोलाचीही असते, पण शेवटपर्यंतची नसते.

जेवणाचं सोपं आहे. दोन्ही ठिकाणी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली छोटी सदनिका मिळते का बघा. तिथं गुगलवर शोधताना `Ferienwohnung` असं टाका. सकाळी पोहे, रात्री खिचडी आणि दुपारी बाहेर, एवढं जमलं की पोट आणि पाकीट दोन्ही शांत राहतात. कोओप आणि मिग्रोस या दुकानांत तांदूळ, दही, भाजी, फळं सगळं मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी सापडतात, तेव्हा शनिवारीच सामान भरा. नळाचं पाणी पितात, बाटल्या विकत घेऊ नका. इथून मेतकूट, चटण्या, भाजलेली डाळ-तांदळाची पिठं, तयार उपम्याची पाकिटं न्या. पण दूध, खवा, पेढे, पनीर, तूप नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथं नेता येत नाहीत. जूनमध्ये निघताना कुणीतरी प्रेमानं आंबे बांधून देईल, तेही घरीच ठेवा, आणि कढीपत्ताही.

पैशाचा हिशोब थोडक्यात. स्विस फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे हे धरून चाला. दोघांची साधी पण स्वच्छ खोली रात्रीला दोनशेच्या आसपास, म्हणजे सात रात्रींचे चौदाशे फ्रँक. आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास माणशी चारशेच्या पुढे, दोघांचे नऊशे धरा. त्यात रेल्वे, बस, बोटी आणि रिगी सगळं येतं. टिटलिसला त्यावर निम्मी सूट आहे. युंगफ्राउला ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत तिकीट लागत नाही, पुढे 25 टक्के सूट. वरच्या तिकिटांसाठी दोघांचे मिळून साडेचारशे ठेवा, खाण्याला पाचशे. बेरीज सव्वातीन हजार फ्रँक, म्हणजे साडेतीन लाखांच्या जवळपास. विमान, व्हिसा, विमा धरून सव्वापाच ते साडेपाच लाख होतील. तुमच्या टूरचे दोघांचे 5 लाख 70 हजार आहेत, त्यावर जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे कंपनी आगाऊ घेते तो आयकर. टीसीएस विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आधी खिशातून जातो. शिवाय चालक आणि व्यवस्थापक यांच्या बक्षिसीची रक्कम बहुधा वेगळी असते. म्हणजे पैशांत फार फरक नाही, आणि तुम्ही देश आणि दिवस कमी करता आहात हेही खरं. पैसे वाचतील म्हणून स्वतः जा असं मी कुणालाच सांगत नाही.

व्हिसा स्वतःच भरला पाहिजे असं काही नाही. सांगलीत किंवा कोल्हापुरात विश्वासाचा प्रवास एजंट असेल तर विमानाचं तिकीट आणि व्हिसाची कागदपत्रं त्याच्याकडे द्या, राहणं आणि फिरणं स्वतःकडे ठेवा. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच तारीख घ्या, एप्रिल-मेमध्ये केंद्रांवर फार गर्दी असते. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जावं लागेल. बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्रं, यजमानांचं रजेचं पत्र आणि दिवसवार आखणी एकमेकांशी जुळली पाहिजे. हॉटेलच्या तारखा आणि विमानाच्या तारखा यांत एका रात्रीचंही अंतर राहिलं तर शंका येते. मुक्कामाचं आरक्षण आधी फुकट रद्द होणारंच करा, व्हिसा हातात आल्यावर पक्कं करा. तुमच्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका. सहा वर्षांची बचत मुदत ठेवीत असेल तर ती मोडू नका, बँकेकडून तिचा दाखला घेऊन जोडा.

हे सगळं वाचूनही यजमानांना रात्री झोप लागत नसेल, तर मी त्यांना ओढत नेणार नाही. घाबरलेल्या माणसाबरोबरची आठ दिवसांची सहल तुम्हालाही जड जाईल. तसं झालं तर ग्रुपनं जा, पण ही सहा देशांची टूर नको. फक्त स्वित्झर्लंडच्या किंवा दोन देशांच्या टूर असतात, त्यांतली एका हॉटेलात किमान तीन रात्री देणारी निवडा. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारून उत्तरं लेखी घ्या: हॉटेल गावात आहे की गावाबाहेर आणि स्टेशनपासून किती लांब, युंगफ्राउचा दिवस हवामान बघून त्याच मुक्कामात बदलता येतो का, आणि एखादा दिवस मी गाडीत न बसता हॉटेलवर थांबले तर चालेल का. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी 'नाही' येईल. तिसऱ्याला 'हो' आलं, तर त्या दिवशी बाकीचे खरेदीला जातील तेव्हा तुम्ही दोघं तिकीट काढून क्लाइने शायडेकला जाऊ शकता. हॉटेल इंटरलाकेनच्या आसपास असेल तर सकाळी जाऊन दुपारच्या चहाला परत येता येतं.

येत्या रविवारी मुलीला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि तिघं मिळून `jungfrau.ch` चा कॅमेरा उघडा. आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतील तेव्हा उन्हाळ्यात तिथं सकाळचे नऊ असतात, हिवाळ्यात आठ. आठवडाभर रोज त्याच वेळी बघा आणि किती दिवस कड स्वच्छ दिसली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. यजमानांना ते लिहायला सांगा.